परवानगी दिली आहे, तरी व्हिडिओ कॉलमध्ये कॅमेरा किंवा माइक चालत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजारगावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सोमवारच्या बाजाराला आजूबाजूच्या पंधरा-वीस खेड्यांतली माणसं येतात. "दिसत नाई", "आवाज जात नाई" म्हणत फोन काउंटरवर ठेवतात, आणि त्यातल्या बऱ्याच फोनांना पेचकस लावायची गरजच नसते. बिघाड सेटिंगमध्ये असतो, पण ज्या पानावर लोक शोधतात त्या पानावर नसतो. लोक मला जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक उत्तरं अँड्रॉइड फोनांसाठी आहेत, कारण आमच्याकडे तेच जास्त आहेत. स्क्रीनवर जे शब्द इंग्रजीत दिसतात ते तसेच ठेवले आहेत. कंपनीनुसार एखादा शब्द इकडेतिकडे होईल.

परवानगी तर चालू दाखवते, मग कॅमेरा काहून चालत नाई?

कारण परवानगी एकाच ठिकाणी नसते. आपल्याकडच्या ओलिताचं बघा. विहिरीवर मेन कॉक असतो, पुढे प्रत्येक वावराचा वेगळा कॉक असतो, आणि शेवटी नळीचं तोंड. बांधावरचा कॉक पूर्ण उघडा आहे, पण विहिरीवरचा मेन बंद असेल तर पऱ्हाटीला पाणी येणार नाही. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सअ‍ॅपला कॅमेऱ्याची परवानगी दिली, तेव्हा फक्त बांधावरचा कॉक उघडला. फोनचा मेन कॉक वेगळा असतो. ब्राउझरमधून कॉल करत असाल तर मध्ये आणखी एक कॉक असतो. आणि सगळे कॉक उघडे असले तरी पाणी दुसऱ्याच नळीतून जात असू शकतं, म्हणजे माइक ब्लूटूथकडे वळलेला असतो.

म्हणून परवानगीचं पान पुन्हा पुन्हा उघडून काही साधत नाही. अडकलं कुठे आहे ते आधी शोधायचं.

मग सुरुवात कुठून करू?

दोन साध्या गोष्टींपासून. कॉल लागल्यावर कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तुमचा स्वतःचा चेहरा दिसतो का, ते बघा. ती चौकट तुमच्याच फोनमधून येते, तिला नेट लागत नाही. तिथे तुम्ही दिसत असाल आणि समोरच्याला दिसत नसाल, तर कॅमेरा आणि परवानगी दोन्ही ठीक आहेत. अडचण नेटची आहे, किंवा समोरच्याच्या फोनची. अशा वेळी सेटिंगला हात लावू नका. रेंज धरा, गच्चीवर जा.

छोट्या चौकटीतही काळोख असेल तर कॉल बंद करा आणि फोनचा स्वतःचा कॅमेरा उघडा, ज्यानं आपण फोटो काढतो तो. पुढचा आणि मागचा, दोन्ही बघा. तिथे चेहरा दिसला तर अडचण त्या कॉलच्या अ‍ॅपमध्ये आहे. तिथेही काळंच असेल तर अ‍ॅप निर्दोष आहे, मेन कॉक बघायला घ्या. माइकसाठी हीच परीक्षा रेकॉर्डर अ‍ॅपवर होते. दहा सेकंद बोला आणि परत ऐका.

हा फोनचा मेन कॉक कुठे असतो?

अँड्रॉइड 12 पासून, म्हणजे 2021 च्या शेवटापासून, फोनमध्ये दोन बटणं आली: "Camera access" आणि "Mic access". वरून बोट ओढल्यावर वायफाय, टॉर्च, ब्लूटूथची जी बटणं खाली येतात, त्यांच्यातच ही असतात. काही फोनांत आधीपासून दिसतात, काहींत पेन्सिलच्या खुणेवर जाऊन आणावी लागतात. कॅमेऱ्याचं बटण बंद केलं की फोनमधल्या एकाही अ‍ॅपला कॅमेरा मिळत नाही, परवानगी असलेल्यालाही नाही. माइकचंही तसंच.

खरी गोंधळाची गोष्ट पुढे आहे. हे बटण बंद असताना परवानगीचं पान बदलत नाही. तिथे "Allow only while using the app" तसंच निवडलेलं दिसतं. आणि कॉलच्या अ‍ॅपला "तुला परवानगी नाही" असा निरोपही जात नाही. त्याला कॅमेऱ्याऐवजी कोरं चित्र मिळतं आणि माइकऐवजी शांतता. अ‍ॅप समजतं सगळं ठीक आहे, कॉल चालू राहतो, सेकंद मोजले जातात, आणि समोरचा "हॅलो, हॅलो" करत बसतो. कुठेच लाल अक्षरात चूक दाखवत नाही, म्हणून माणसाला वाटतं कॅमेराच गेला.

हे बटण सेटिंगमध्येही असतं: Settings, मग "Security & privacy" किंवा नुसतं "Privacy", त्यात "Camera access" आणि "Microphone access". सापडत नसेल तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत camera access टाइप करा.

पण मी तर ते बटण कधी दाबलंच नाई. आपोआप बंद होते का?

आपोआप होत नाही, नकळत होतं. एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात शोधण्याची सगळी रीत येते.

घाटंजी तालुक्यातल्या एका काकू शनिवारी संध्याकाळी दुकानात आल्या. मुलगा पुण्याकडे कारखान्यात कामाला, रविवारी सकाळी नातीचं बारसं. काकूंच्या घरी कापूस वेचणीचे दिवस, जाणं जमत नव्हतं, म्हणून व्हिडिओवर बघायचं ठरलं होतं. पण तीन-चार दिवसांपासून व्हिडिओ लावला की काकू मुलाला दिसत नव्हत्या, आणि आवाजही "खोल विहिरीतून येते" असं तो सांगत होता. शेजारच्या पोरानं परवानगी तपासली होती, व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाकलं होतं. फरक शून्य.

मी आधी फोनचा कॅमेरा उघडायला सांगितला. स्क्रीनवर प्रश्न आला, "Unblock device camera?", आणि काकूंनी लगेच "Cancel" दाबलं. मी विचारलं, हे नेहमी येतं का? त्या म्हणाल्या, "येते नं बापू. पण त्यात सगळ्या अ‍ॅपले परवानगी देतो म्हणते. बँकेतल्या बाईनं सांगतलं, असं काई आलं तर हो म्हनायचं नाई." काकूंची सावधगिरी चुकीची नव्हती. त्या खिडकीत खरोखरच लिहिलेलं असतं की ज्या ज्या अ‍ॅपना परवानगी आहे त्या सगळ्यांसाठी कॅमेरा खुला होईल. पण हा प्रश्न फोन स्वतः विचारतो. मेन कॉक बंद आहे, उघडू का, एवढाच त्याचा अर्थ. "Unblock" दाबल्यानं ज्या अ‍ॅपला तुम्ही पूर्वी नाही म्हटलं आहे त्याला कॅमेरा मिळत नाही.

वरून बोट ओढलं तर "Camera access" च्या खाली "Blocked" लिहिलेलं. त्याच्या अगदी शेजारी टॉर्चचं बटण. काकू पहाटे गोठ्यात जाताना चष्म्याशिवाय टॉर्च लावतात. बोट एक घर चुकलं की कॅमेरा बंद, आणि त्याचा काही आवाज नाही, कंप नाही. बटण दाबलं, खाली "Available" आलं, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये काकूंचा चेहरा उमटला. मग पेन्सिलच्या खुणेवर जाऊन मी ती दोन्ही बटणं टॉर्चपासून लांब, दुसऱ्या पानावर सरकवली. हे प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाच्या फोनमध्ये करून द्यावं असं माझं मत आहे. बटण फोनमधून जात नाही, फक्त चुकून लागायच्या जागी राहत नाही.

आवाज मात्र अजून खोलच होता. "Mic access" चालू होतं. त्या दुसऱ्या बिघाडाचं पुढे येतं.

बटण चालू आहे का नाई हे कॉल चालू असताना कसं कळेल?

हिरव्या ठिपक्यावरून. अँड्रॉइड 12 आणि त्यापुढच्या फोनांत कोणतंही अ‍ॅप कॅमेरा किंवा माइक वापरू लागलं की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात आधी कॅमेऱ्याची किंवा माइकची हिरवी खूण येते, आणि क्षणभरात तिचा छोटा ठिपका होतो. मी दुकानात सगळ्यात जास्त भरवसा याच ठिपक्यावर ठेवतो, कारण तो अ‍ॅप दाखवत नाही, फोन दाखवतो.

कॉल लावा आणि वर बघा. ठिपका आलाच नाही, तर अ‍ॅपला काही मिळत नाही: मेन बटण बंद आहे, परवानगी नाही, किंवा अ‍ॅपमध्येच तुम्ही कॅमेरा आणि माइक बंद ठेवले आहेत. ठिपका आला, आणि तरी समोरच्याला ऐकू जात नाही, तर परवानगीचा विषय तिथेच संपला. आता माइकचं छिद्र, ब्लूटूथ किंवा नेट बघायचं. वरून बोट ओढून त्या हिरव्या खुणेवर दाबलं की कोणतं अ‍ॅप वापरतं आहे आणि कॅमेरा की माइक, तेही दिसतं. ठिपका एकच असल्यामुळे हे बघणं गरजेचं आहे. कधी फक्त कॅमेऱ्यामुळे ठिपका असतो आणि माइक बंदच असतो.

आयफोनमध्ये कॅमेऱ्याला हिरवा आणि नुसत्या माइकला नारिंगी ठिपका येतो.

अँड्रॉइड 11 किंवा त्याआधीचा फोन असेल तर सहसा हा ठिपकाही नाही आणि ती दोन बटणंही नाहीत. तिथे फोनचा कॅमेरा आणि रेकॉर्डर यांवरच परीक्षा करायची. तुमचं अँड्रॉइड कितवं आहे ते सेटिंगमध्ये "About phone" मध्ये लिहिलेलं असतं.

कॅमेराही बंद, माइकही बंद, आणि फोन आडवा केला तर चित्रही आडवं होत नाई. हे काय झालं?

ही तिसरी खूण सांगितलीत म्हणून सोपं झालं. बहुतेक कोणीतरी "Developer options" चालू करून "Sensors Off" नावाचं बटण वर आणून ठेवलं आहे आणि ते दाबलं गेलं आहे. ते कॅमेरा, माइक आणि फोन कसा धरला आहे हे ओळखणारे सेन्सर, सगळे एकदम बंद करतं. वरून बोट ओढून ते बंद करा. गेम खेळणाऱ्या पोरांच्या फोनमध्ये हे सापडतं, कारण ते "Developer options" मध्ये शिरून काही ना काही बदलत असतात.

साध्या फोनवर माझा आवाज चांगला जाते, व्हिडिओ कॉलवरच जात नाई. मग माइक तर चांगलाच हाय ना?

एक माइक चांगला आहे. बहुतेक स्मार्टफोनांत दोन असतात. एक खाली, चार्जिंगच्या भोकाजवळ. दुसरा वर, कडेला किंवा मागच्या कॅमेऱ्याजवळ. फोन कानाला लावून बोलतो तेव्हा खालचा माइक तोंडाजवळ असतो आणि तोच मुख्य काम करतो. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज स्पीकरवर असतो, तेव्हा पुष्कळ फोन वरचा माइक वापरतात, किंवा दोन्ही मिसळतात. वरचा माइक बुजला असेल तर साधा फोन खणखणीत आणि व्हिडिओ कॉल मुका, असं होऊ शकतं.

परीक्षा घरीच होते. रेकॉर्डरवर बोलून ऐका, बहुधा खालचा माइक कळेल. मग कॅमेऱ्यानं बोलत बोलत छोटा व्हिडिओ काढा आणि ऐका, त्यात बहुतेक वेळा वरचाही येतो. एकात आवाज ठीक आणि दुसऱ्यात दबका असेल तर बिघाड सापडला. तिसरी परीक्षा वायरच्या इअरफोनची. माइकवाला इअरफोन लावून व्हिडिओ कॉल करा. त्याच्या पिनवर तीन काळे पट्टे असतात, दोनच पट्टे असलेल्याला माइक नसतो. इअरफोननं आवाज पोहोचला तर परवानगी, अ‍ॅप आणि नेट, सगळं सुटलं. फोनचा माइक तेवढा बघायचा.

काकूंच्या फोनमध्ये हेच निघालं. हिरवा ठिपका येत होता, खूण माइकची होती, तरी आवाज खोल. कव्हर काढलं तर कव्हर आणि फोनच्या मध्ये कापसाची रुई दाबून बसलेली, आणि वरच्या छिद्रावर तिची गादी झालेली. वेचणीत फोन ओट्यात कापसासोबतच असतो. मऊ, कोरड्या दातांच्या ब्रशनं छिद्र खाली धरून झाडलं, म्हणजे घाण बाहेर पडते, आत जात नाही. कव्हरही तपासलं. त्याला वरच्या माइकसाठी भोकच नव्हतं, दुसऱ्या मॉडेलचं कव्हर चढवलेलं. ते काढून ठेवलं. मुलाला तिथूनच फोन लावला, तो म्हणाला आता घरात बसल्यासारखा आवाज येतो. एकाच फोनमध्ये दोन वेगळे बिघाड होते, आणि दोघांनाही परवानगीशी काही देणंघेणं नव्हतं.

सुई, टाचणी, सिमकार्डची पिन छिद्रात घालू नका. आत बारीक जाळी आणि तिच्यामागे नाजूक पडदा असतो, तो फाटला की माइक बदलावाच लागतो. तोंडानं फुंकूही नका, थुंकीचा ओलावा आत जातो.

मला त्यांचं ऐकू येत नाई आन् त्यांना माझं. पण कॅमेरा चालू हाय.

दोन्हीकडचा आवाज एकदम गेला तर पहिला संशय ब्लूटूथवर. कानातलं यंत्र डबीत नीट बसलं नसेल, नेकबँड खुंटीला टांगलेला आणि चालू असेल, ट्रॅक्टरवरचा ब्लूटूथ टेप अंगणात चालू असेल, तर फोन आवाज तिकडे पाठवतो. आणि त्या यंत्राला माइक असेल तर तुमचा आवाज घ्यायलाही तिकडेच जातो. तुम्ही स्वयंपाकघरात बोलता, फोन ऐकतो अंगणातलं. अशा वेळी परवानगी बरोबर असते, हिरवा ठिपकाही येतो.

कॉलच्या स्क्रीनवर स्पीकरचं किंवा ब्लूटूथचं चिन्ह असतं, ते दाबून फोनचा स्पीकर निवडा. किंवा ब्लूटूथच बंद करा. ब्लूटूथ बंद असूनही वर हेडफोनची खूण दिसत असेल, तर इअरफोनच्या भोकात धूळ किंवा ओलावा आहे आणि फोनला वाटतं काहीतरी लावलेलं आहे. इअरफोन दोन-तीन वेळा लावून काढा, भोक कोरडं होऊ द्या.

ऑनलाइन वर्ग चालू असताना मामांचा फोन आला. कट केला, पण त्यानंतर माझा आवाजच जात नाई.

साधा फोन आला की माइक त्याच्या ताब्यात जातो, आणि वर्गाच्या अ‍ॅपला तेवढा वेळ शांतता मिळते. फोन संपल्यावर माइक परत यायला हवा, पण काही अ‍ॅप तो परत मागत नाहीत. अ‍ॅपमधलं माइकचं बटण एकदा बंद करून पुन्हा चालू करा. तेवढ्यानं नाही झालं तर वर्गातून बाहेर पडून पुन्हा शिरा.

दोन अ‍ॅप एकाच वेळी माइक मागतात तेव्हाही असंच होतं. अँड्रॉइड 10 पासून नियम असा आहे की दोघांनाही रेकॉर्डिंग सुरू करता येतं, पण सहसा आवाज एकालाच मिळतो आणि दुसऱ्याला शांतता, कोणताही निरोप न देता. म्हणून कॉल रेकॉर्ड करणारं, स्क्रीन रेकॉर्ड करणारं किंवा आवाजानं टाइप करणारं अ‍ॅप मागे चालू असेल तर आधी ते पूर्ण बंद करा.

डॉक्टरांनी लिंक पाठवली, तिच्यावर दाबलं तर ब्राउझरमध्ये कॉल उघडते. क्रोमले परवानगी हाय, तरी "camera blocked" येते.

इथे कॉक तीन होतात: फोनचा मेन, क्रोमला फोननं दिलेली परवानगी, आणि त्या एका वेबसाइटला क्रोमनं दिलेली परवानगी. शेवटच्याचा निकाल क्रोम लक्षात ठेवतो. पहिल्यांदा लिंक उघडली तेव्हा "ही साइट कॅमेरा वापरू इच्छिते" असा प्रश्न आला असेल आणि घाईत "Block" दाबलं गेलं असेल. त्यानंतर त्या साइटवर तो प्रश्न पुन्हा येत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये मात्र क्रोमची परवानगी हिरवीगारच दिसते.

ती लिंक उघडी ठेवून वर पत्त्याच्या डाव्या बाजूची खूण दाबा, "Permissions" मध्ये जा आणि कॅमेरा, माइक दोन्ही चालू करा. किंवा "Reset permissions" दाबा म्हणजे प्रश्न नव्यानं येईल, आणि या वेळी "Allow" दाबा. पान एकदा पुन्हा उघडा, उघड्या पानावर बदल लगेच लागतोच असं नाही. सगळ्या साइटसाठी एकत्र बंद केलेलं असेल तर ते क्रोमच्या "Settings", "Site settings", मग "Camera" आणि "Microphone" मध्ये सापडेल.

प्रश्नच येत नसेल तर दोन गोष्टी बघा. लिंक क्रोममध्ये उघडली आहे का? काही अ‍ॅप लिंक आपल्याच पोटात उघडतात. दिसायला ब्राउझरसारखं, पण परवानगी त्या अ‍ॅपची चालते, क्रोमची नाही. तीन ठिपके दाबून "Open in Chrome" निवडा, किंवा लिंक कॉपी करून क्रोममध्ये टाका. दुसरं, पत्ता https नं सुरू होतो का? नुसत्या http च्या पानाला ब्राउझर कॅमेरा देतच नाही, तिथे तुमच्या हातात काही नाही. ज्यांनी लिंक पाठवली त्यांनाच सांगावं लागेल.

ई-संजीवनीवर किंवा दुसऱ्या कोणत्याही दवाखान्याच्या लिंकवर डॉक्टरांशी बोलायचं असेल, तर ही सगळी तपासणी नंबर लागायच्या अर्धा तास आधी करून ठेवा. कॅमेरा वापरणारी दुसरी कोणतीही साइट क्रोममध्ये उघडून बघितली तरी फोनचा मेन आणि क्रोमची परवानगी तपासून होते. डॉक्टरांच्या साइटची परवानगी मात्र त्या साइटवरच द्यावी लागते.

सुरुवातीला दिसते, मग दहा मिनिटांनी कॅमेरा बंद पडते.

परवानगी नसती तर पहिल्या सेकंदालाच कळलं असतं. ब्राउझरमधल्या कॉलमधून तुम्ही दुसऱ्या अ‍ॅपवर गेलात, ओटीपी बघायला म्हणा, तर कॅमेरा थांबतो. "Only while using the app" चा अर्थ तोच आहे. परत आल्यावर कॅमेऱ्याचं बटण दाबावं लागतं. नेट कमी झालं तर अ‍ॅप आधी चित्र सोडतं आणि आवाज वाचवतं, आणि ते बरोबरच करतं.

मे महिन्यात तिसरं कारण येतं. आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो, पत्र्याखाली फोन चार्जिंगला लावून व्हिडिओ कॉल केला की फोन तापतो आणि स्वतःला वाचवायला कॅमेरा बंद करतो. चार्जर काढा, कव्हर काढा, सावलीत पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं.

अंगणवाडीच्या सरकारी फोनमध्ये कॅमेऱ्याची परवानगीच बदलता येत नाई.

सरकारी किंवा कंपनीच्या फोनवर कार्यालयाचं नियंत्रण असू शकतं. सेटिंग करडी दिसते आणि दाबल्यावर "admin" चा उल्लेख येतो. ते तुम्हाला किंवा मला उघडता येत नाही, आणि फोन फॉरमॅट करून उघडायचा प्रयत्नही करू नका, नोंदी जातील. कार्यालयालाच विचारावं लागतं.

एकाच फोनमध्ये दोन व्हॉट्सअ‍ॅप असतील तर लक्षात ठेवा, दुसऱ्याची परवानगी अनेक फोनांत वेगळी असते. पहिल्याला दिली म्हणून दुसऱ्याला मिळत नाही.

सेवा केंद्रातल्या लॅपटॉपवर असंच होते. तिथे काय बघू?

आधी लेन्सवरची सरकती झडप आणि कीबोर्डवरचं कॅमेऱ्याचं किंवा माइकचं चिन्ह असलेलं बटण. मग विंडोज आणि R ही बटणं एकत्र दाबून यातली एक ओळ टाका:

```
ms-settings:privacy-webcam
ms-settings:privacy-microphone
```

उघडणाऱ्या पानावर खाली अ‍ॅपची यादी असते आणि लोक तिथेच अडकतात. क्रोम, झूमसारख्या प्रोग्रामांना त्या यादीत वेगळं बटण नसतं. त्यांच्यासाठी सगळ्यांचं मिळून एक बटण असतं, "Let desktop apps access your camera", आणि ते पान खाली सरकवल्याशिवाय दिसत नाही. ते चालू करा. तरी काळंच दिसलं तर दुसरा प्रोग्राम कॅमेरा धरून बसला आहे का बघा, आधीच्या मीटिंगची खिडकी बहुतेक उघडीच असते.

अ‍ॅप काढून पुन्हा टाकू का? फोन रीसेट मारू का?

अ‍ॅप काढल्यानं मेन बटण उघडत नाही, ब्लूटूथ सुटत नाही, रुई निघत नाही. आणि बॅकअप नसताना व्हॉट्सअ‍ॅप काढलं तर फोटो आणि निरोप जाऊ शकतात. आधी अ‍ॅप "Force stop" करा, फोन बंद करून चालू करा. एवढं निरुपद्रवी आहे, आणि कॅमेरा दुसऱ्या अ‍ॅपमध्ये अडकला असेल तर सुटतो. फॅक्टरी रीसेट मी दुकानातही शेवटचा उपाय म्हणूनच करतो.

आणि नेटवर "कस्टमर केअर" शोधून सापडलेल्या नंबरवर फोन करू नका. कॅमेरा दुरुस्त करायला कोणी तुम्हाला स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगत असेल तर फोन ठेवून द्या. त्याला तुमचा कॅमेरा नको आहे, बँकेचं अ‍ॅप हवं आहे.

सगळं करून झालं, तरी काळंच. आता?

फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात पुढचा काळा आणि मागचा स्वच्छ दिसत असेल, मेन बटण चालू असेल आणि फोन बंद-चालू करूनही तेच राहत असेल, तर पुढच्या कॅमेऱ्याचा भाग किंवा त्याची पट्टी गेली आहे. फोन पडला होता किंवा भिजला होता का, ते दुकानदाराला खरं सांगा, दुरुस्ती लवकर होते. रेकॉर्डरमध्ये ब्रश मारूनही आवाज नसेल तर खालचा माइक गेला. पुष्कळ फोनांत तो चार्जिंगच्या भोकाच्या छोट्या बोर्डावरच असतो आणि बोर्डासकट बदलतात, म्हणून चार्जिंगही ढिलं असेल तर दोन्ही कामं एकातच होतात. आधी दर विचारून घ्या. फोन परत घेताना काउंटरवरच उभं राहून, कव्हर चढवून रेकॉर्डरवर दहा सेकंद बोला, एक छोटा व्हिडिओ काढा, आणि दोन्ही ऐका.